रीटच्या वाटपात ‘कर्ज परतफेड’ कुठून येते?

प्रश्न : मी कोथरूडला राहते, नोकरी करते. माझ्याकडे तीन लाख रुपये आहेत. एवढ्यात हिंजवडीला किंवा बाणेरला दुकानाचा गाळासुद्धा येत नाही. माझ्या भावाने गेल्या वर्षी एका रीटचे युनिट घेतले. दर तीन महिन्यांनी त्याच्या खात्यात पैसे येतात आणि तो म्हणतो, हे ऑफिसांचं भाडं आहे. पण त्याला आलेल्या पत्रकात व्याज, लाभांश आणि ‘कर्ज परतफेड’ असे तीन वेगळे आकडे होते. आपण कुणाला कर्ज दिलंच नाही तर परतफेड कसली? आपलेच पैसे आपल्याला परत देत नाहीत ना? आणि कर कशावर भरायचा? – एक वाचक, पौड रोड

उत्तर : ताई, तुमचा भाऊ म्हणतो ते बरोबर आहे आणि तुमची शंकाही रास्त आहे. पैसे येतात ते भाड्यातूनच. पण इमारतीतून तुमच्या बँक खात्यात पोचेपर्यंत त्या भाड्याची तीन नावं होतात, आणि प्रत्येक नावाचा कर वेगळा. तीन लाख गुंतवण्याआधी हा प्रवास नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक चुकतात ते इथेच.

आधी रचना पाहू. रीट म्हणजे सेबीच्या 2014 च्या नियमांखाली नोंदवलेला एक ट्रस्ट. लोकांकडून पैसे घेऊन तो भाड्यावर दिलेल्या मोठ्या इमारती बाळगतो आणि गुंतवणूकदारांना त्या बदल्यात युनिट देतो. या युनिटची शेअरसारखी बाजारात खरेदी-विक्री होते. भारतातला पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल 2019 मध्ये बाजारात आला. पुण्यातल्या पुण्यात सांगायचं तर हिंजवडीतले एम्बसी टेकझोन आणि एम्बसी क्युबिक्स हे या रीटकडे आहेत. येरवड्याचं कॉमरझोन आणि खराडीचं गेरा कॉमरझोन ही नावं माइंडस्पेस रीटच्या यादीत दिसतील, तर औंधचा वेस्टएंड मॉल नेक्सस सिलेक्ट ट्रस्टच्या यादीत. म्हणजे ज्या इमारतींवरून तुम्ही रोज जाता-येता, त्यांतल्या काहींच्या भाड्यात तुम्हाला वाटा घेता येतो. सुरुवातीला यासाठी लाखांत रक्कम लागायची. 2021 मध्ये सेबीने नियम बदलला आणि बाजारात एक युनिटही विकत घेता येऊ लागलं.

नियमांतले दोन आकडे ध्यानात ठेवा. रीटच्या मालमत्तेचा किमान 80 टक्के भाग बांधून पूर्ण झालेल्या आणि उत्पन्न देणाऱ्या इमारतींत असावा लागतो. आणि वाटण्याजोग्या रोख रकमेपैकी किमान 90 टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावीच लागते, तीही वर्षातून किमान दोनदा. प्रत्यक्षात मोठे रीट दर तिमाहीला वाटप करतात. इथे नियम ‘नफ्याचे 90 टक्के’ म्हणत नाही, ‘रोख रकमेचे’ म्हणतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच फरकात आहे.

बहुतेक इमारती ट्रस्टच्या थेट नावावर नसतात. प्रत्येक पार्कची किंवा दोन-चार पार्कांची मिळून एक वेगळी कंपनी असते, आणि त्या कंपनीचे सगळे किंवा बहुतेक शेअर रीटकडे असतात. भाडेकरार त्या मधल्या कंपनीच्या नावाने होतो, भाडं तिच्या खात्यात जमा होतं, मिळकतकर तीच भरते. लोकांकडून आलेला पैसा रीट या कंपनीत दोन वाटांनी घालतो: काही भागभांडवल म्हणून, काही कर्ज म्हणून. तुम्ही कुणाला कर्ज दिलं नाही हे खरं, पण तुमच्या पैशातून रीटने आपल्याच कंपनीला दिलं आहे. तेच कर्ज परत येताना पत्रकात ‘कर्ज परतफेड’ म्हणून दिसतं.

आता आकडे घेऊ. हे कोणत्याही खऱ्या रीटचे नाहीत. हिशेब सोपा राहावा म्हणून गोल आकडे घेतले आहेत, आणि ट्रस्टचा स्वतःचा खर्च सोडून दिला आहे.

समजा, एका रीटकडे एकच ऑफिस पार्क आहे आणि त्याची मधली कंपनी एकच. वर्षाचं भाडं 100 कोटी. देखभाल, सुरक्षा, विमा, मिळकतकर, व्यवस्थापनाची फी यांत 15 कोटी गेले, उरले 85 कोटी. कंपनीने बँकेकडून 250 कोटींचं कर्ज घेतलेलं आहे, त्याचं व्याज 20 कोटी. रीटने कंपनीला दिलेल्या कर्जावरचं व्याज 15 कोटी. आता हिशेबनीस इमारतीचा घसारा, म्हणजे ती जुनी होत गेल्याने दरवर्षी धरायची घट, लावतो, 30 कोटी. म्हणजे करपूर्व नफा 85 वजा 20 वजा 15 वजा 30, अर्थात 20 कोटी. त्यावर 5 कोटी कर धरू. कागदावरचा निव्वळ नफा राहिला 15 कोटी.

पण तिजोरीत किती आहेत? घसारा हा कागदावरचा खर्च आहे, त्याचे पैसे कुणाला द्यावे लागत नाहीत. 85 मधून बँकेचं व्याज 20 आणि कर 5 गेला की 60 कोटी रोख शिल्लक राहते. ही सगळी रक्कम रीटकडे पाठवायची आहे. त्यातले 15 कोटी कर्जावरचं व्याज म्हणून जातात. आणखी 15 कोटी लाभांश म्हणून जातात, कारण नफाच तेवढा आहे आणि लाभांश नफ्यातूनच देता येतो. उरलेले 30 कोटी कोणत्या नावाने पाठवायचे? नफा संपला, व्याजही देऊन झालं. तेव्हा कंपनी रीटचं मूळ कर्ज तेवढ्याने फेडते. घसारा 30 कोटी आणि परतफेडही 30 कोटी, हा योगायोग नाही. खऱ्या पत्रकांत आकडे इतके नेमके जुळत नाहीत, पण मागचं कारण बहुतांशी हेच असतं.

रीटचे एकूण 3 कोटी युनिट आहेत असं धरा. म्हणजे युनिटमागे 20 रुपये आले: 5 व्याज, 5 लाभांश, 10 कर्ज परतफेड. तुमची शंका अशी की हे 10 रुपये आपलेच पैसे तर नाहीत? रोख म्हणून पाहिलं तर ते भाडेकरूंकडून आलेलं भाडंच आहे. नव्या गुंतवणूकदाराचे पैसे जुन्याला दिलेत, असं इथे घडलेलं नाही. पण घसाऱ्याला पूर्णपणे कागदी म्हणून झटकून टाकू नका. पंधरा-वीस वर्षांनी लिफ्ट, वातानुकूलन यंत्रणा, दर्शनी काचा बदलाव्या लागतात, आणि तेव्हा खरा पैसा लागतो. वाटपातला सगळाच भाग खर्च करून टाकणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. आमच्या मते परतफेडीच्या रकमेतला निदान काही भाग पुन्हा गुंतवणं शहाणपणाचं.

खरी पैशांची परतफेड कधी होते? रीटने एखादी इमारत विकली आणि त्या विक्रीची रक्कम वाटली तर. किंवा मधल्या कंपनीने बँकेकडून नवं कर्ज उचललं, त्यातून रीटचं कर्ज फेडलं आणि वाटप फुगलं तर. ओळखायचं कसं? तिमाही निकालाबरोबर वाटपयोग्य रोख रकमेचा तक्ता येतो. एप्रिल 2024 पासून सेबीने त्याची सर्वांसाठी एकच पद्धत ठरवून दिली आहे, त्यामुळे तुलना सोपी झाली आहे. त्यात वरच्या ओळीत कामकाजातून आलेली रोख असते. ती वाढत नसताना वाटप वाढलं असेल, तर पैसा भाड्याव्यतिरिक्त कुठून तरी येतो आहे. तो कुठून, हे खालच्या ओळींत सापडतं.

आता कर. तुम्ही 300 रुपये भावाने 1,000 युनिट घेतले असं धरू, म्हणजे तुमचे तीन लाख. वर्षाला 20,000 रुपये येणार, म्हणजे 6.67 टक्के.

यातले 5,000 व्याजाचे. ते तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या स्लॅबप्रमाणे करपात्र होतात. पॅन नोंदलेलं असेल तर निवासी व्यक्तीच्या बाबतीत रीट त्यातून 10 टक्के, म्हणजे 500 रुपये टीडीएस कापून पैसे पाठवतो. खात्यात 19,500 आले आणि पत्रकात 20,000 लिहिलेत, तर घाबरू नका. ते 500 रुपये तुमच्या पॅनवर कर म्हणून जमा आहेत आणि विवरणपत्रात वळते होतात.

5,000 लाभांशाचे. यावर कर आहे की नाही हे तुमच्यावर नाही, मधल्या कंपनीवर अवलंबून असतं. त्या कंपनीने सवलतीच्या दराने कर भरण्याचा पर्याय घेतला असेल तर लाभांश तुमच्या हातात करपात्र होतो. तिने तो पर्याय घेतला नसेल, तर लाभांश तुम्हाला करमुक्त. एकाच रीटच्या वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळे पर्याय घेतलेले असू शकतात, म्हणून पत्रकात ‘करमुक्त लाभांश’ आणि ‘करपात्र लाभांश’ अशा दोन रांगाही दिसतात. आपल्या उदाहरणात तो करमुक्त धरू.

10,000 कर्ज परतफेडीचे. यावर त्या वर्षी कर नाही. पण 2023 च्या अर्थसंकल्पानंतर नियम असा झाला की ही रक्कम तुमच्या खरेदी किमतीतून वजा करायची. म्हणजे 300 ला घेतलेल्या युनिटची तुमची किंमत करासाठी 290 झाली. पुढच्या वर्षी पुन्हा 10 मिळाले तर 280. पाच वर्षांनी 250. कर माफ झाला नाही, पुढे ढकलला गेला. एखाद्या युनिटवर बाजारात आल्यापासून वाटलेल्या परतफेडीची बेरीज रीटने ते युनिट पहिल्यांदा विकलं त्या किमतीच्या वर गेली, तर वरची रक्कम थेट करपात्र होते. पण ती वेळ यायला बराच काळ लागतो.

तुम्ही 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर या वर्षी कर फक्त 5,000 वर, म्हणजे 1,000 रुपये, उपकर वेगळा. हातात साधारण 19,000 राहतात. बँकेच्या ठेवीवर तेच 20,000 व्याज मिळालं असतं तर 4,000 कर गेला असता. हा फायदा खरा आहे, पण तो पुढच्या वजावटीची नोंद ठेवली तरच हिशेबात बसतो.

पाच वर्षांनी तुम्ही युनिट 300 लाच विकले असं समजा. भाव जिथल्या तिथे, म्हणून लोक समजतात नफा शून्य. करासाठी मात्र तुमची किंमत 250, विक्री 300, म्हणजे युनिटमागे 50 आणि एकूण 50,000 रुपये नफा. युनिट बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवले असतील तर तो दीर्घकालीन. शेअर, इक्विटी फंड आणि रीट मिळून वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा असा नफा करमुक्त आहे, त्याच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. तुमचा दुसरा नफा नसेल तर या 50,000 वर काही भरावं लागणार नाही. सव्वा लाखाची मर्यादा आधीच संपली असेल तर 6,250 रुपये. बारा महिन्यांच्या आत विकलं तर 20 टक्के.

ब्रोकरच्या वर्षअखेरीच्या भांडवली नफ्याच्या अहवालात ही वजावट केलेली असेलच असं नाही. त्याच्याकडे फक्त खरेदी आणि विक्रीचा भाव असतो. म्हणून तुमच्या भावाला सांगा, आणि तुम्हीही करा: एका वहीत किंवा शीटमध्ये प्रत्येक वाटपाची तारीख, युनिट, व्याज, लाभांश, परतफेड आणि कापलेला टीडीएस लिहून ठेवा. आर्थिक वर्ष संपल्यावर रीट प्रत्येक युनिटधारकाला वर्षभराच्या वाटपाची फोड असलेलं पत्रक पाठवतो. ते ईमेलवर येतं आणि बऱ्याचदा जाहिरातींच्या ढिगात हरवतं. ते शोधून ठेवा. तेच कर सल्लागाराला द्या, बँकेचं पासबुक नको. पासबुकात तीन नावांचे पैसे एकाच ओळीत येतात, आणि ते पाहून सगळी रक्कम लाभांश म्हणून दाखवली की जिथे नको तिथे कर भरला जातो आणि विक्रीच्या वेळी जिथे हवा तिथे चुकतो.

आता मुद्दलाकडे वळू. तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण तीन लाख घालणाऱ्याच्या मनात तो प्रश्न असतोच. मुद्दलाची हमी नाही. एम्बसीचं युनिट 2019 मध्ये 300 रुपयांना विकलं गेलं, 2020 च्या सुरुवातीला 500 च्या आसपास पोचलं आणि 2023 मध्ये पुन्हा 300 च्या जवळ आलं. मधल्या काळात करोनामुळे ऑफिसं ओस पडली आणि नंतर व्याजदर चढले. वाटप चालू होतं, पण वर घेतलेल्याला भाव उतरल्याचा तोटा वाटपातून भरून काढायला कित्येक वर्षं लागणार होती. व्याजदर वाढले की रीटला दोन्हीकडून फटका बसतो: कर्जाचं व्याज वाढतं, आणि ठेवीवर जास्त मिळतंय म्हणून लोक युनिटला कमी भाव देतात.

त्याहून मोठा धोका रिकाम्या जागेचा. आपल्याच उदाहरणात 20 टक्के भाडं देणारी एक कंपनी निघून गेली असं धरा. भाडं 80 कोटी झालं. खर्च मात्र 15 कोटीच राहिला, कारण रिकाम्या मजल्याचा मिळकतकर आणि देखभाल आता मालकाच्या अंगावर आली. उरले 65. बँकेचं व्याज 20 द्यावंच लागतं. रीटचं व्याज 15 आणि घसारा 30 धरला की नफा शून्य, म्हणून कर नाही आणि लाभांशही नाही. रोख राहिली 45 कोटी, युनिटमागे 15 रुपये: 5 व्याज आणि 10 परतफेड. भाडं 20 टक्क्यांनी घटलं, तुमचं वाटप 25 टक्क्यांनी. कर्ज जितकं जास्त, तितका हा फरक मोठा. नियमांनुसार रीटचं कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या 49 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि 25 टक्क्यांच्या वर जायचं तर पतमानांकन आणि युनिटधारकांची मंजुरी लागते. आमची स्वतःची पसंती तिशीच्या आतल्या आकड्याला. चाळीसच्या पुढे गेलेल्या रीटकडून वाटपाचा टक्का जास्त दिसला तरी तो त्या धोक्याचा मोबदला समजा.

म्हणून निकालाच्या सादरीकरणात पार्कनिहाय तक्ता उघडा. एकूण भरलेपणा 90 टक्के दिसतो, पण आत एखादा पार्क पूर्ण भरलेला आणि एखादा अर्धा रिकामा असू शकतो. पुण्याच्या माणसाला इथे एक सोय आहे, इमारती ओळखीच्या असतात. तरी संध्याकाळी हिंजवडीच्या रस्त्यावर गर्दी दिसली म्हणजे पार्क भरलेला, असा अंदाज बांधू नका. आयटी पार्कांतल्या बऱ्याच इमारती विशेष आर्थिक क्षेत्रात आहेत. तिथे नव्याने येणाऱ्या कंपन्यांना मिळणारी आयकर सवलत मार्च 2020 मध्ये संपली, आणि त्यानंतर अशा जागेला नवा भाडेकरू मिळणं अवघड झालं. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने मजल्यागणिक जागा या क्षेत्रातून बाहेर काढायला परवानगी दिली, तेव्हा कोंडी सुटायला सुरुवात झाली. तक्त्यात एखाद्या पार्कपुढे रिकामी जागा दिसली तर ती विशेष क्षेत्रातली आहे का आणि बाहेर काढण्याचं काम कुठवर आलंय, हे वाचा.

त्याच सादरीकरणात पुढच्या तीन-चार वर्षांत किती टक्के भाडेकरार संपणार हे वर्षागणिक दिलेलं असतं. करार संपणं वाईटच असं नाही. चालू भाडं बाजारभावापेक्षा कमी असेल तर नव्या करारात ते वाढतं. उलट जुनं भाडं बाजारापेक्षा जास्त असेल, तर भाडेकरू राहिला तरी घासाघीस करतो. चालू भाडं आणि बाजारभाव हे दोन आकडे शेजारी शेजारी दिलेले असतात, ते पाहा.

आणखी एक गोष्ट. रोख रक्कम जवळजवळ सगळी वाटून टाकायची असल्याने नवी इमारत घ्यायला रीटकडे साठवलेले पैसे नसतात. तो कर्ज काढतो किंवा नवे युनिट विकतो. त्यामुळे ‘एकूण वाटप 30 टक्क्यांनी वाढलं’ अशी बातमी आली तर युनिट किती वाढले हे विचारा. युनिटही 30 टक्क्यांनी वाढले असतील तर तुमच्या हातात काहीच जास्त आलं नाही. पाहायचा आकडा एकच: युनिटमागे वाटप, मागच्या आठ-दहा तिमाहींचं.

खरेदी शेअरसारखीच आहे. डीमॅट आणि ट्रेडिंग खातं लागतं. ब्रोकरच्या पडद्यावर एनएसईची `EMBASSY`, `MINDSPACE`, `BIRET`, `NXST` अशी चिन्हं शोधा. काही ठिकाणी त्यापुढे `-RR` लागलेलं दिसतं. या युनिटचे व्यवहार मोठ्या शेअरइतके दाट नसतात, म्हणून बाजारभावाने ऑर्डर टाकू नका, आपला भाव लिहून लिमिट ऑर्डर टाका. वाटप जाहीर झालंय म्हणून ते कुणाला मिळणार हे ठरवणाऱ्या रेकॉर्ड डेटच्या आदल्या दिवशी धावत जाऊन घेण्यात काही फायदा नाही. वाटपाचा हक्क सुटला की भाव साधारण तेवढ्याने खाली येतो, आणि व्याजाच्या भागावर तुमचा कर मात्र लागतो.

भाव महाग की स्वस्त हे पाहायला रीट आपलं युनिटमागे निव्वळ मालमत्ता मूल्य जाहीर करतो. आपल्या उदाहरणात पार्कचं मूल्य 1,150 कोटी असेल, तर बँकेचे 250 कोटी वजा जाता 900 कोटी, म्हणजे युनिटमागे 300. स्वतंत्र मूल्यांकनकार हे मूल्य काढतो. ते अंदाजच असतं, पण बाजारभाव त्याच्या बराच वर असेल तर तुम्ही इमारतींसाठी त्यांच्या मूल्यापेक्षा जास्त मोजताय हे कळून घ्या.

हे सगळं पाहून तीन लाखांचं काय करावं? सहा महिन्यांचा घरखर्च या तीन लाखांतूनच निघणार असेल तर रीट घेऊ नका. तो वेगळा असेल आणि पाच वर्षं हे पैसे लागणार नसतील, तर आम्ही दोन रीट निवडू, एक ऑफिसांचा आणि एक मॉलचा, आणि रक्कम चार-पाच हप्त्यांत वर्षभर विभागून घालू. मॉलचं भाडं थोडं वेगळं चालतं. ठरलेल्या किमान भाड्याबरोबर दुकानाच्या विक्रीतला वाटाही करारात असतो. त्यामुळे आयटीतली मंदी आणि लोकांची खरेदी हे दोन्ही एकाच वेळी तितकेच पडतील असं नसतं.

दरम्यान बाणेर-बालेवाडीच्या एखाद्या ऑफिसात ‘हिस्सा घ्या, दरमहा खात्रीचं भाडं’ असा फोन तुम्हाला आला तर आधी विचारा, सेबीची नोंदणी आहे का. अशा एक-दोन इमारतींच्या योजनांसाठी 2024 मध्ये सेबीने लघु व मध्यम रीटचा वेगळा नियम केला आहे आणि त्यात किमान गुंतवणूक दहा लाखांची आहे. तीन लाखांत हिस्सा देणारा त्या नियमाच्या बाहेरचा आहे. नोंदणीकृत रीटची यादी `sebi.gov.in` वर आहे. खात्रीचं भाडं बहुधा बिल्डरच सुरुवातीची दोन-तीन वर्षं देतो आणि ते तुम्ही भरलेल्या चढ्या किमतीतच धरलेलं असतं. ते बंद झाल्यावर तुमचा हिस्सा विकायला गिऱ्हाईक मिळत नाही.

खरेदी झाली की डीमॅट खात्यात बँक खातं, पॅन आणि ईमेल बरोबर आहेत का, तेवढं तपासा. वाटप त्याच बँक खात्यात येतं, आणि पॅन चालू नसेल तर टीडीएस 10 ऐवजी 20 टक्के कापला जातो.